दहा मिलिमीटरचा पॉलिप आणि पुढची तारीख

"दादा, रिपोर्ट पाठवलाय. चित्रं बघून पोटात ढवळलं, पण ते सोड. मला तीन वर्षांनी परत या म्हणतायत. माझ्या मैत्रिणीची तपासणी त्याच आठवड्यात झाली, तिचेही दोन पॉलिप काढले, आणि तिला म्हणाले दहा वर्षांनी या. मला काही लपवतायत का?"

माझी आतेबहीण न्यू जर्सीत राहते. तिला इथे वैशाली म्हणू. वय ४७, त्रास काहीही नाही. अमेरिकेत २०२१ पासून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करावी अशी शिफारस आहे. तिने दोन वर्षं चालढकल केली आणि शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी, करून घेतली. तीत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या गाठी, सापडले आणि काढले. मी पुण्यात हेच काम करतो, म्हणून रिपोर्ट माझ्याकडे आला. तिच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं: कोणी काही लपवत नाही, तुझा एक पॉलिप १० मिलिमीटरचा आहे. पण मग १० म्हणजे काय, तो कोणी मोजला, कशाने मोजला, आणि ९ असता तर काय झालं असतं, हे सगळं ओघाने आलंच. तासभर फोन चालला. त्यातलं जे इतरांच्या रिपोर्टलाही लागू पडेल ते इथे लिहितो.

आधी फोटोंचं पान. तिच्या रिपोर्टमध्ये आठ फोटो होते. पेशंट पहिले दोन फोटो बघतच नाहीत, कारण त्यांत पॉलिप नसतो. मी मात्र तेच आधी बघतो. पहिल्यात गुलाबी भिंतीवर तीन घड्या एकत्र येतात आणि मधे एक बारीक चंद्रकोरीसारखी फट दिसते. ते अपेंडिक्सचं तोंड. दुसऱ्यात जाड ओठांसारखी एक घडी दिसते, तिथे लहान आतडं मोठ्या आतड्यात उघडतं. हे दोन फोटो म्हणजे दुर्बीण मोठ्या आतड्याच्या पार शेवटच्या टोकापर्यंत, सीकमपर्यंत, पोचल्याचा पुरावा. तिथवर पोचली नसेल तर पुढच्या तारखेचा सगळा हिशेब फोल आहे, कारण न पाहिलेल्या भागात काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही.

तिसरा आणि चौथा फोटो उजव्या बाजूने वर चढणाऱ्या भागातले, म्हणजे असेंडिंग कोलनमधले. तिसऱ्याकडे बोट दाखवून वैशाली म्हणाली, "यात तर काहीच नाही!" तिची चूक नव्हती. एक फिकट, चपटी, ढगाच्या कडेसारखी अस्पष्ट जागा होती आणि तिच्यावर पिवळसर शेंबडाचा पातळ थर चिकटलेला होता. आजूबाजूच्या भिंतीत बारीक रक्तवाहिन्यांची जाळी स्वच्छ दिसत होती आणि नेमकी या जागेवर ती पुसल्यासारखी झाली होती. अशा पॉलिपला ओळखायची खूण बरेचदा हीच असते: आपण पॉलिप पाहत नाही, रक्तवाहिन्या कुठे दिसेनाशा झाल्या ते पाहतो. रिपोर्टमध्ये माप होतं ६ मिलिमीटर. चौथा फोटो त्याच जागेचा, तो कापून काढल्यानंतरचा.

पाचवा फोटो मात्र पुस्तकात छापावा असा. डाव्या बाजूला खाली, सिग्मॉइडमध्ये, एका देठावर लोंबणारं लालसर डोकं. अळंबीसारखं म्हणा. सहाव्यात त्याच डोक्याशेजारी उघडा तारेचा फास धरलेला, ज्याला आम्ही स्नेअर म्हणतो. हा सहावा फोटो या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याच्याकडे पुन्हा येऊ. सातव्यात गुदाशयातला ३ मिलिमीटरचा एक पांढरट ठिपका. आठव्यात एक काळी नळी दिसते, तिला बघून घाबरू नका. गुदाशयात दुर्बीण इंग्रजी 'यू'सारखी वळवून ती स्वतःच्याच अंगाकडे बघते, म्हणजे गुदद्वाराच्या अगदी आतल्या कडेला काही राहिलं असेल तर सापडतं. काळी नळी ती दुर्बीणच.

काही फोटो हिरवट-निळ्या छटेचे दिसतात, तेही अनेकांना खटकतं. त्यात रंग बिघडलेला नसतो. दुर्बिणीच्या प्रकाशातून फक्त निळा आणि हिरवा भाग वापरायचा असं बटण असतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हे दोन रंग शोषून घेतं, त्यामुळे रक्तवाहिन्या गडद तपकिरी उठून दिसतात. पॉलिपच्या अंगावरची नक्षी त्यात वाचता येते. अ‍ॅडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणारी जात, असेल तर आजूबाजूपेक्षा तपकिरी आणि लांबट, फांद्या फुटल्यासारखी नक्षी. निरुपद्रवी हायपरप्लास्टिक असेल तर फिकट, फार तर एकसारखे ठिपके. ही नक्षी बघून आम्ही अंदाज बांधतो आणि तो बरेचदा बरोबरही येतो. पण पुढची तारीख अंदाजावर देत नाहीत. म्हणून तपासणीच्या दिवशी "परत कधी यायचं?" असं विचारल्यावर डॉक्टर जर "आठवड्याने सांगतो" म्हणाले, तर ते टाळाटाळ करत नसतात. त्यांच्याकडे निम्मी माहिती असते. आकार आणि संख्या त्यांना दिसली आहे, जात अजून पॅथॉलॉजीकडे जाणाऱ्या बाटलीत आहे.

माप

आता तो सहावा फोटो.

पॉलिप किती मोठा, हे मोजायला आत पट्टी नसते. दुर्बिणीची भिंग रुंद कोनाची असते, घराच्या दारावरच्या पीपहोलसारखी. जवळ नेली की मोहरी वाटाण्याएवढी दिसते, लांब नेली की वाटाणा मोहरीएवढा. मधोमध असलेली वस्तू फुगते, कडेची आकसते. त्यामुळे एकच फोटो बघून "बापरे, केवढा मोठा!" म्हणण्यात अर्थ नाही. वैशालीला गुदाशयातला ३ मिलिमीटरचा ठिपका सगळ्यात मोठा वाटला होता, कारण दुर्बीण त्याला जवळजवळ चिकटवून फोटो काढला होता.

मग डॉक्टर माप लिहितात कसं? पुष्कळदा नजरेने. अनुभवी नजर बरी असते, पण तिला गोल आकड्यांचा मोह असतो. रिपोर्टांचे गठ्ठे काढून बघा: ५, १०, १५, २० हे आकडे भरपूर सापडतील आणि ९ किंवा ११ फार थोडे. पॉलिप काही पाच-पाचाच्या पटीत वाढत नाहीत. ते आमच्या डोक्यातलं गोलीकरण आहे. एरवी याने काही बिघडलं नसतं, पण पुढच्या तारखेच्या नियमात १० मिलिमीटरवर एक रेघ मारलेली आहे. रेघेच्या अलीकडे एक वेळापत्रक, १० किंवा त्याहून जास्त असेल तर दुसरं. म्हणजे ज्या आकड्याकडे हात सगळ्यात जास्त ओढला जातो, नेमका तोच आकडा निर्णायक.

यावर उपाय साधा आहे. ज्याचं माप माहीत आहे असं काहीतरी पॉलिपशेजारी धरायचं आणि फोटो काढायचा. छोट्या पॉलिपला बायोप्सीचा उघडा चिमटा चालतो, त्याचे जबडे साधारण ७-८ मिलिमीटर उघडतात. मोठ्याला स्नेअर, कारण त्याच्या पाकिटावर रुंदी छापलेली असते. अट एकच: फास पॉलिपला टेकलेला हवा. तो कॅमेऱ्याच्या जवळ आणि पॉलिप मागे असेल तर पॉलिप खोटाच लहान दिसतो.

वैशालीच्या डॉक्टरने हे केलं होतं. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की १५ मिलिमीटरचा स्नेअर वापरला. फोटोत फास डोक्याला टेकलेला होता आणि डोक्याने फासाची दोन तृतीयांशाहून जराशी जास्त रुंदी भरली होती. १५ चे दोन तृतीयांश म्हणजे १०. देठ धरायचा नाही, फक्त डोकं मोजायचं. म्हणजे १० किंवा किंचित जास्त.

तरीही गोंधळ झालाच, कारण आठवड्याने आलेल्या पॅथॉलॉजीच्या कागदावर लिहिलं होतं ०.९ सेंटिमीटर. "दादा, हा नऊ म्हणतोय, तो दहा म्हणतोय. खरं कोण?" दोघंही. कापल्यावर पॉलिपमधलं रक्त ओसरतं, तो मऊ पडतो, मग फॉर्मलिनच्या बाटलीत जाऊन आकसतो. आतल्या जिवंत पॉलिपपेक्षा बाटलीतला लहान भरणं हे रोजचंच आहे. त्याहून वाईट म्हणजे कधी तो शोषून नळीतून बाहेर काढताना फुटतो आणि पॅथॉलॉजिस्टच्या हातात चार तुकडे येतात. त्यांची बेरीज करून माप काढायचं की सगळ्यात मोठ्या तुकड्याचं? तिथे त्याच्या मापाला फारसा अर्थ उरत नाही. उलटही घडतं. आतल्या डॉक्टरने नजरेने १२ लिहिलेलं असतं, स्नेअरचा फोटो नसतो, आणि अखंड आलेला पॉलिप बाटलीत ६ भरतो. इतका फरक नुसत्या आकसण्याने पडत नाही, तिथे मी नजरेच्या मापावर शंका घेतो. वैशालीच्या बाबतीत स्नेअरचा फोटो होता आणि फरक एक मिलिमीटरचा होता. दहा धरायचे.

आता मुळात दहालाच रेघ का? आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत एकामागून एक बिघाड साठत जातात, तसा अ‍ॅडेनोमा वाढतो आणि त्यातल्या थोड्यांचा, बहुधा दहा-एक वर्षांत, कर्करोग होतो. ५ मिलिमीटरच्या आतल्या पॉलिपमध्ये पुढचे बिघाड अगदी क्वचित सापडतात. १० च्या पुढे ते प्रमाण ठळकपणे वाढतं. आणि ज्याच्या आतड्यात एकदा असा मोठा वाढला, त्याच्यात पुढे नवा मोठा पॉलिप होण्याची शक्यताही इतरांपेक्षा जास्त असल्याचं दिसून आलं आहे. काढलेला पॉलिप तर गेला, बाटलीत आहे. पुढची तारीख त्याच्यासाठी नसते. अशा जमिनीत पुढे काय उगवेल, त्यासाठी असते. ९ आणि १० मधे निसर्गाने भिंत बांधलेली नाही हे खरंच. नियम करायचा तर रेघ कुठेतरी मारावी लागते, एवढंच.

जात

बाटलीतून तीन उत्तरं आली. सिग्मॉइडचा देठवाला: ट्यूब्युलर अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड डिसप्लेजिया. उजवीकडचा चपटा: सेसाइल सिरेटेड लिजन, डिसप्लेजिया नाही. गुदाशयातला ठिपका: हायपरप्लास्टिक पॉलिप.

'लो ग्रेड डिसप्लेजिया' हे शब्द वाचून वैशालीने रात्री दोनपर्यंत नेट धुंडाळलं होतं. डिसप्लेजिया म्हणजे पेशींची रचना बिघडलेली. पण अ‍ॅडेनोमा म्हणजेच बिघडलेल्या पेशींचा गोळा. व्याख्येनेच प्रत्येक अ‍ॅडेनोमात किमान लो ग्रेड असतोच. ते शब्द म्हणजे "यापेक्षा कमी काही नसतं" असं सांगणारी नोंद आहे. चिंता वाढते ती हाय ग्रेड लिहिलं तर. 'ट्यूब्युलर' म्हणजे ग्रंथी नळीसारख्या. बोटांसारखे लांब झुबके असतील तर 'व्हिलस', दोन्ही मिसळून असेल तर 'ट्यूब्युलोव्हिलस'. या दोन्ही जाती अमेरिकेच्या नियमात आकार लहान असला तरी तीन वर्षांच्या खणात पडतात.

हायपरप्लास्टिक हा या तिघांतला भोळा. गुदाशयात आणि सिग्मॉइडमध्ये असे ठिपके खूप जणांना असतात. १० मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर ते नसल्यासारखेच धरतात आणि पुढची तारीख दहा वर्षांनी. वैशालीच्या मैत्रिणीचे दोन्ही पॉलिप असेच निघाले होते. 'पॉलिप काढले' हे शब्द दोघींच्या तोंडी सारखेच होते. फरक पॅथॉलॉजीच्या कागदावर होता, आणि मैत्रिणीने तो उघडूनही पाहिला नव्हता.

खरी गंमत, गंमत म्हणवत नाही पण, उजवीकडच्या चपट्याची आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो आणि हायपरप्लास्टिक हे चुलतभाऊ दिसतात. दोघांच्याही ग्रंथींच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या, म्हणून 'सिरेटेड'. फरक तळाशी असतो. नेहमीची ग्रंथी परीक्षानळीसारखी सरळ खाली जाते. सेसाइल सिरेटेडमध्ये ती तळाशी फुगते आणि आडवी पसरते, बुटासारखी किंवा उलट्या टीसारखी. आता तुकडा तिरका कापला गेला आणि ग्रंथींचा तळच काचेवर आला नाही, तर पॅथॉलॉजिस्टला जात ठरवता येत नाही. दोन चांगले पॅथॉलॉजिस्ट एकाच काचेवर वेगळं मत देतात, असंही होतं. म्हणून कागदावर 'हायपरप्लास्टिक' आलं पण पॉलिप १० मिलिमीटर किंवा मोठा होता, तर आम्ही त्या शब्दावर पूर्ण विसंबत नाही. अमेरिकी नियमही तिथे दहाऐवजी तीन ते पाच वर्षं म्हणतो. जुन्या रिपोर्टांत याच जातीला 'सेसाइल सिरेटेड अ‍ॅडेनोमा' किंवा 'पॉलिप' लिहिलेलं सापडेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात 'लिजन' हा शब्द आला. वस्तू तीच.

ही जात दुर्लक्षून चालत नाही. तिचा कर्करोगाकडे जाण्याचा रस्ता अ‍ॅडेनोमापेक्षा वेगळा आहे, आणि तिच्यात एकदा डिसप्लेजिया शिरला की पुढची चाल वेगाने होऊ शकते. त्यात ती चपटी, फिकट, शेंबडाने झाकलेली. तिसऱ्या फोटोत वैशालीला 'काहीच नाही' दिसलं, तसंच घाईत असलेल्या डॉक्टरलाही दिसू शकतं.

तीन पॉलिप, एक तारीख

आता हिशेब. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या तीन संघटनांच्या संयुक्त गटाने २०२० मध्ये दिलेला तक्ता वैशालीला लागू आहे. गुदाशयातला ठिपका: दहा वर्षं. उजवीकडचा, एकच आणि १० पेक्षा लहान, डिसप्लेजिया नसलेला सिरेटेड: पाच ते दहा वर्षं. सिग्मॉइडचा, १० मिलिमीटरचा अ‍ॅडेनोमा: तीन वर्षं. सरासरी काढायची नसते. जो सगळ्यात लवकर बोलावतो त्याचं ऐकायचं. म्हणून तीन.

देठवाला खरोखर ९ चा असता तर? तर तो 'एक-दोन लहान ट्यूब्युलर अ‍ॅडेनोमा' या खणात गेला असता आणि त्याची मुदत सात ते दहा वर्षं. मग उजवीकडच्या सिरेटेडचं चाललं असतं: पाच ते दहा. एका मिलिमीटरने तिची पुढची तारीख निदान दोन वर्षांनी आणि फार तर सात वर्षांनी लांबली असती. संख्येनेही मुदत कमी होते. १० पेक्षा लहान अ‍ॅडेनोमा तीन-चार निघाले तर तीन ते पाच वर्षं, पाच ते दहा निघाले तर तीन, दहाहून जास्त निघाले तर एक वर्ष, आणि तिथे आनुवंशिक आजाराचाही विचार सुरू होतो.

हा तक्ता म्हणजे आकाशवाणी नव्हे. त्याच २०२० साली युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेने आपला नियम दिला. त्यांच्याकडेही १० मिलिमीटरचा अ‍ॅडेनोमा तीन वर्षांतच बसतो, पण चारपर्यंत लहान अ‍ॅडेनोमा असतील तर ते खास पाठपुरावाच सांगत नाहीत, माणसाला नेहमीच्या तपासणीच्या रांगेत परत पाठवतात. ब्रिटनचा नियम आणखी सैल. तिथे वैशालीला सिग्मॉइडचा १० चा अ‍ॅडेनोमा एवढाच असता, तर खास कोलोनोस्कोपी सांगितली नसती. उजवीकडचा सिरेटेड सोबत आल्याने मोजायचे पॉलिप दोन झाले, त्यातला एक मोठा, म्हणून तिथेही तीन वर्षं. एकाच आतड्याला तीन देशांत वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात. पुरावा सगळ्यांकडे तोच आहे, किती जोखीम चालवून घ्यायची याचा कौल वेगळा. आपल्याकडे सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहेत, मोठं आतडं नाही. म्हणून इथले बहुतेक डॉक्टर अमेरिकेचा किंवा युरोपचा तक्ता वापरतात, आणि कुठला वापरला हे रिपोर्टवर क्वचितच लिहितात. माझ्या मते लिहायला हवं.

"तीन वर्षं थांबायचं कशाला? दर वर्षी करते ना," वैशाली म्हणाली. हा प्रश्न १९९३ मध्येच निकाली निघाला. अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीत अ‍ॅडेनोमा काढलेल्या १४१८ जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाची एक वर्षाने आणि पुन्हा तीन वर्षांनी तपासणी, दुसऱ्याची फक्त तीन वर्षांनी. धोकादायक म्हणावेत असे अ‍ॅडेनोमा दोन्ही गटांत सारखेच निघाले, ३.३ टक्के. मधल्या वर्षाच्या तपासणीने पोटाचं धुणं, भूल आणि आतड्याला भोक पडण्याचा छोटा पण खरा धोका, एवढंच वाढवलं.

पण तीन काय, दहा काय, सगळ्या मुदतींना एक मूक अट आहे: आतडं स्वच्छ होतं आणि नीट पाहिलं गेलं. रिपोर्टमध्ये 'बोस्टन' नावाची एक मोजणी असते. मोठ्या आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ९ पर्यंत. प्रत्येक भागाला निदान २ हवेत. वैशालीचे ३, २, ३ होते. म्हणजे चाललं. समजा उजवीकडे १ असता, फोटोत पिवळं दाट पाणी आणि बियांसारखे कण दिसत असते, तर बाकी काहीही सापडलेलं असो, वर्षाच्या आत परत या असं सांगायला हवं. नेमका तो चपटा, फिकट सिरेटेड उजवीकडेच राहतो. नुसती बेरीज बघू नका. ३, ३ आणि ० ची बेरीजही ६ होते. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी करून पाहिलेल्या अभ्यासांत पहिल्या वेळी पाचातला एक-एक अ‍ॅडेनोमा निसटलेला आढळला आहे. ते बहुतांशी लहान असतात, मोठे क्वचित सुटतात. तरी आकडा मला दर वेळी टोचतो.

आणखी एक प्रकार या तक्त्याबाहेरचा. पॉलिप २० मिलिमीटर किंवा मोठा आणि चपटा असेल तर तो एका घासात निघत नाही, तुकड्यातुकड्याने काढावा लागतो. तिथे मुदत सहा महिने. नवा पॉलिप शोधायला नव्हे, तर जुन्याच्या व्रणाच्या कडेला एखादा तुकडा राहून परत फुटलाय का ते पाहायला. अशा पेशंटने "तीन वर्षं सांगितली होती" म्हणून निवांत बसणं महागात पडतं.

तीन वर्षांनी वैशालीचं आतडं स्वच्छ निघालं तर पुढची मुदत पाच वर्षांची होईल, दहाची नाही. मोठ्या अ‍ॅडेनोमाचा इतिहास एका स्वच्छ तपासणीने पुसला जात नाही. पुन्हा १० चा निघाला तर पुन्हा तीन.

फोन ठेवता ठेवता मी तिला विचारलं, "मिलिंदला कळवलंस का?" मिलिंद तिचा धाकटा भाऊ, नाशिकला असतो, वय ४४.

"त्याला कशाला? मलाच तर झालंय."

इथे ते १० मिलिमीटर पुन्हा आडवे येतात. १० किंवा त्याहून मोठ्या अ‍ॅडेनोमाला 'अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडेनोमा' म्हणतात. अमेरिकी नियमानुसार सख्ख्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी कोणाला, साठीच्या आत असा सापडला, तर बाकीच्यांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करायची आणि दर पाच वर्षांनी करायची. वैशाली ४७. सत्तेचाळिसातून दहा गेले सदतीस. मिलिंदची वेळ सात वर्षांपूर्वीच टळून गेली होती. वैशालीची मुलगी वीस वर्षांची आहे, तिची सदतिसाव्या वर्षी येईल. पॉलिप ९ चा असता तर दोघांनाही हे लागू झालं नसतं.

नियमात आणखी एक शब्द आहे: नोंद असलेला. 'बहिणीचा काहीतरी पॉलिप काढला होता' यावर हे वेळापत्रक लावत नाहीत. कागद लागतो. म्हणून मी वैशालीला दोन पानं मिलिंदला पाठवायला सांगितली: एक पॅथॉलॉजीचं आणि दुसरं ज्यावर सहावा फोटो आहे ते. ०.९ लिहिलेलं पान एकटंच गेलं असतं तर नाशिकच्या डॉक्टरने त्याला पंचेचाळिशीनंतर बघू म्हणून परत पाठवलं असतं, आणि कागदावरून ते बरोबरच ठरलं असतं.

मिलिंदचा फोन दुसऱ्या दिवशी आला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो पॉलिपबद्दल नव्हता. "ते पोट साफ करायचं औषध लिंबू सरबतात घालून चालतं का?" मी म्हटलं, पेगची पावडर पाण्यातच कालव, चवीला गाळलेलं लिंबू पिळ, लाल रंगाचं काही पिऊ नकोस, नाहीतर आत रक्त आणि सरबत यात फरक कळणार नाही. आणि अर्धं औषध आदल्या रात्री, अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे. पहाटेचं अर्धं चुकवलंस तर उजवी बाजू घाण राहते.

"पहाटे किती वाजता?"

"चार."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही.